वाक्य कोणाचं? क्रियापदाला विचारा

रावेर-यावलकडच्या केळीच्या पट्ट्यात कटिंगच्या आदल्या रात्री ग्रुपवर येणारा मेसेज साधारण असा असतो:

```
उद्या सकाळी 6 la cutting आहे,please Labour ला वेळेवर
पाठवा.Weighbridge ची Slip व driver's नंबर Group वर टाकणे..
```

अर्थ सगळ्यांना कळतो. मजूर येतात, घड उतरतात, गाडी भरते. त्यामुळे या मेसेजकडे पुन्हा कोणी बघत नाही आणि बघायची गरजही नसते. अडचण पुढे येते. हाच मजकूर सोसायटीच्या फळ्यावर लावायचा असतो, किंवा सेक्रेटरीला तो नोटीस म्हणून टाइप करून द्यायचा असतो. मग शुद्धलेखन कोणत्या भाषेचं लावायचं? 'Labour ला' यातली मधली मोकळी जागा मराठीच्या नियमाने चूक म्हणायची, की शब्द इंग्रजी आहे म्हणून सोडून द्यायची?

लोक सहसा सोपं उत्तर देतात: इंग्रजी शब्दाला इंग्रजीचे नियम, मराठी शब्दाला मराठीचे. ऐकायला बरं वाटतं, पण 'Labour ला' इथेच ते अडकतं. 'लेबर' इंग्रजीचा, 'ला' मराठीचा, आणि मधली जागा दोघांपैकी कोणाचीच नाही. तिचा निर्णय शब्दावरून होत नाही, तो अख्ख्या वाक्यावरून होतो. म्हणून आधी वाक्य कोणाचं आहे ते ठरवावं लागतं.

शब्द मोजू नका

वाक्य कोणाचं हे शब्द मोजून कळत नाही. 'मॅनेजरने लोन ॲप्लिकेशन रिजेक्ट केलं' हे वाक्य घ्या. पाच शब्दांपैकी चार इंग्रजीतून आलेले, तरी हे वाक्य इंग्रजी आहे असं कोणीही म्हणणार नाही. का नाही? कारण 'मॅनेजर'ला 'ने' लागलाय, शेवटी 'केलं' आलंय, आणि ॲप्लिकेशन नपुंसकलिंगी धरून क्रियापद त्याच्याशी जुळवलंय. इंग्रजीत ॲप्लिकेशनला लिंगच नसतं. ते मराठीने दिलं.

भाषाशास्त्रात यावर बरंच काम झालेलं आहे. कॅरोल मायर्स-स्कॉटन या अभ्यासक बाईंनी नैरोबीत स्वाहिली आणि इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या लोकांची बोलणी तपासली आणि १९९३ साली एक मांडणी पुढे ठेवली. तिचा गाभा असा की मिसळलेल्या वाक्यात दोन्ही भाषा सारख्या हक्काने वावरत नाहीत. एक भाषा चौकट देते: शब्दांचा क्रम, प्रत्यय, क्रियापदाची रूपं. दुसरी भाषा त्या चौकटीत बसवायला शब्द पुरवते. शब्द कितीही पुरवले तरी चौकट बदलत नाही.

मराठीत ही चौकट ओळखायला दोनच ठिकाणी बघायचं. वाक्याच्या शेवटी क्रियापद कोणाचं आहे, आणि नामांना लागलेले प्रत्यय कोणाचे आहेत. आपण इंग्रजी क्रियापद उचललं तरी त्याला मराठी क्रियापदासारखं चालवत नाही. 'तो रिजेक्टतो' असं कोणी म्हणत नाही. 'रिजेक्ट' तसाच उभा राहतो आणि चालवायचं काम 'करणे'कडे जातं. तसंच 'लोडिंग झालं', 'मिस्ड कॉल दिला', 'स्कॅन मार'. म्हणजे वाक्यात इंग्रजी क्रिया दिसली तरी क्रियापद मराठीच असतं.

वरच्या मेसेजला हे लावून बघा. क्रियापदं आहेत 'आहे', 'पाठवा', 'टाकणे'. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आहेत 'ला', 'ची', 'वर'. सगळं मराठी. तेव्हा मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम, शब्द जोडणं-तोडणं या सगळ्याला मराठीचे नियम लागतात.

एकच तुकडा या चौकटीत परका आहे: driver's मधला तो वरचा टिंब आणि एस. गंमत अशी की हा तुकडा माणसं बोलताना वापरत नाहीत. 'ड्रायव्हर्स नंबर टाक' असं कोणी फोनवर सांगितलेलं आठवतंय का? बोलताना 'ड्रायव्हरचा नंबर' हेच तोंडात येतं. टाइप करताना बोटं इंग्रजी कीबोर्डवर असतात, म्हणून तो षष्ठीचा एस घुसतो. तो काढून 'चा' लावला की काम झालं.

पण इंग्रजीचा दुसरा एस, अनेकवचनाचा, मराठी वाक्यात बिनतक्रार येतो. 'मेंबर्सना कळवा', 'टीचर्सची मीटिंग', 'फोटोज पाठव'. हा फरक मनमानी नाही. अनेकवचन शब्दाच्या अर्थाचाच भाग असतं, 'एक की अनेक' हे सांगतं, म्हणून ते शब्दाच्या कडेवर बसून येऊ शकतं. 'चा' मात्र दोन शब्दांमधलं नातं दाखवतो, आणि नातं दाखवायचं काम चौकट देणारी भाषा दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवत नाही. म्हणून 'मेंबर्सना' यात इंग्रजी एस आणि मराठी 'ना' एकामागोमाग चालतात. मला स्वतःला 'मेंबरांना' जास्त आवडतं, पण 'मेंबर्सना' चूक आहे असं मी कोणाला म्हणणार नाही.

'ऑफिस वर' आणि 'ऑफिसवर'

आता ती मोकळी जागा. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. इथे हिंदीशी गल्लत होते, कारण हिंदीत 'ऑफिस को', 'ग्रुप पर' असं नामापासून सुटं लिहितात. रावेरच्या पलीकडे लगेच बऱ्हाणपूर आहे, केळीचे भाव तिकडून येतात, व्यापारीही तिकडचे असतात. त्यांचे हिंदी मेसेज रोज वाचून डोळ्यांना सुटं लिहिणं सवयीचं होतं.

याहून मोठं कारण फोनमध्ये आहे. सुचवलेला शब्द निवडला की कीबोर्ड त्यापुढे आपोआप मोकळी जागा सोडतो. तुम्ही 'लेबर' निवडता, जागा पडते, मग 'ला' निवडता. झालं 'लेबर ला'. एकत्र टाइप करायला गेलं आणि रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड असला, तर इंग्रजी स्पेलिंगला मराठी प्रत्यय जोडून भलतंच काही उमटतं. म्हणून लोक सुटं लिहून मोकळे होतात. उपाय कंटाळवाणा आहे: शब्द निवडल्यावर एकदा मागे जाऊन जागा खोडायची. काही दिवसांनी कीबोर्ड तुमचा 'ग्रुपवर' लक्षात ठेवतो आणि सूचनेत जोडूनच दाखवतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटू शकतं. एक वाक्य बघा:

'ड्रायव्हर थांबलाय, ऑफिस वर आहे.'

हे वाचून नवा मजूर जिन्याकडे निघाला तर त्याची चूक नाही. 'ऑफिस वर आहे' म्हणजे ऑफिस वरच्या मजल्यावर आहे. 'ऑफिसवर आहे' म्हणजे ड्रायव्हर ऑफिसपाशी थांबलाय. मराठीत मुरलेल्या शब्दात हा घोळ सहसा होत नाही, कारण तिथे सामान्यरूप मदतीला येतं: 'गोदाम वर आहे' आणि 'गोदामावर आहे' यांत 'म'चा 'मा' झाल्याने अर्थ आपोआप वेगळा होतो. इंग्रजी शब्दाचं पुष्कळदा सामान्यरूपच होत नाही. 'ऑफिस' तसाच राहतो. मग अर्थ सांभाळायची सगळी जबाबदारी त्या एका मोकळ्या जागेवर येते. म्हणून माझं तर म्हणणं असं की मराठी शब्दापेक्षा इंग्रजी शब्दाला प्रत्यय जोडून लिहिण्याची काळजी जास्त घ्यावी.

ऱ्हस्व-दीर्घ: पाहुणा किती जुना?

चौकट मराठी ठरली तरी शब्दाच्या आतलं शुद्धलेखन हा वेगळा प्रश्न राहतो. 'ग्रुप' की 'ग्रूप', 'टीम' की 'टिम', 'स्लिप' की 'स्लीप'?

आज आपण जे शुद्धलेखन पाळतो त्याचे नियम मराठी साहित्य महामंडळाने केले आणि महाराष्ट्र शासनाने मान्य केले. १९६२ मध्ये चौदा नियम आले, १९७२ मध्ये चार जोडले गेले, असे एकूण अठरा. त्यांतला एक नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो: मराठी अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार किंवा उकार दीर्घ असतो. तीळ, बहीण, फूल. आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो: तिळाचा, बहिणीला, फुलाला.

इंग्रजी शब्दाला हा नियम लागतो का? उत्तर त्या शब्दावर आहे. काही शब्द कालचे पाहुणे आहेत, काही इतके जुने की घरचेच झाले.

'तिकीट' बघा. मूळ इंग्रजी शब्दात दोन्ही स्वर आखूड आहेत. मराठीने 'ट'चा 'त' केला, 'की' दीर्घ केली आणि सामान्यरूपात ती पुन्हा ऱ्हस्व केली: 'तिकिटाचे पैसे'. बहिणीचं जे होतं तेच तिकिटाचं झालं. हा शब्द पूर्ण घरचा. त्याला इंग्रजीचं काही विचारायचं नाही.

'बिल' अर्धा घरचा आहे. 'बिलाची रक्कम', 'बिलं थकली' अशी मराठी रूपं तो घेतो, पण 'बील' असं दीर्घ कोणी म्हणत नाही आणि लिहूही नये. प्रत्यय मराठी पद्धतीने, स्वर मूळ उच्चाराप्रमाणे.

'स्लिप', 'लिंक', 'टीम', 'शीट' हे अजून पाहुणे. त्यांचं लेखन उच्चाराप्रमाणे करायचं: आखूड ऐकू येतो तिथे ऱ्हस्व, लांब तिथे दीर्घ. स्लिप, पिन, किट, क्लिप ऱ्हस्व. टीम, शीट, रूम, टूल दीर्घ. 'स्लीप' लिहिलंत तर तो झोपेचा शब्द होतो, काट्यावरच्या पावतीचा नाही. या न्यायाने 'ग्रूप' दीर्घ हवा. पण मराठी माणसाच्या तोंडात आणि बोटांत 'ग्रुप' इतका पक्का बसलाय की मी तोच लिहितो. एकाच मजकुरात दोन्ही नकोत, एवढं पाळलं तरी पुरे.

शब्दाच्या शेवटी मात्र मराठीची सत्ता सगळ्यांवर चालते. शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ, म्हणून कंपनी, सोसायटी, ड्यूटी, पार्टी. इंग्रजीत तिथला स्वर फार लांब नसला तरीही.

शब्द किती रुळला हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. त्याचं अनेकवचन मराठी पद्धतीने करून बघा. 'एसटी' हा खरं तर आद्याक्षरांचा शब्द, पण चोपड्याच्या स्टँडवर कोणीही म्हणेल, 'आज एसट्या बंद आहेत.' अनेकवचन झालं म्हणजे शब्द मुरला. 'ओटीपी'चं असं काही होत नाही. 'दोन ओटीपी आले' एवढंच. बँक रुळली, म्हणून 'बँकेत', 'बँका'. ट्रेन अजून अंतर राखून आहे, म्हणून 'ट्रेनमध्ये'. इथे जाता जाता एक बारकावा: ईकारान्त शब्दाला 'त' सहज लागतो, मग तो शब्द कितीही नवा असो. म्हणून जळगावात लोक 'एमआयडीसीत कामाला आहे' म्हणतात आणि 'एसटीत बसलो' म्हणतात. 'ट्रेनात' मात्र जिभेवर येत नाही.

देवनागरीत घेतलं की निम्मं काम होतं

मेसेज ज्याने लिहिला त्याची खरी गोची लिपीमुळे झालीय. अर्धे शब्द रोमनमध्ये, अर्धे देवनागरीत, आणि मधे एक la. मराठी चौकटीच्या वाक्यात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले की कॅपिटल अक्षरांचा प्रश्न उरत नाही, प्रत्यय जोडायला अडचण येत नाही, आणि वरच्या टिंबालाही जागा उरत नाही. देवनागरीत कॅपिटल नाहीच. मेसेजमधले Labour, Slip, Group हे शब्द लेखकाने मोठ्या अक्षराने लिहिले. इंग्रजीच्या नियमानेही ते चूक आहे, कारण ती विशेषनामं नाहीत.

देवनागरीत लिहिताना एक सावधगिरी हवी. फोनचा कीबोर्ड हिंदीवर असेल तर तो 'बैंक', 'मैसेज', 'वीडियो' असे शब्द सुचवतो. हिंदीत ते बरोबर आहेत. मराठीत 'बँक', 'मेसेज', 'व्हिडिओ'. 'बैंक' मराठी डोळ्याने वाचलं तर उच्चारच वेगळा होतो. इंग्रजीच्या दोन वेगळ्या व-कारांसाठीही मराठीने सोय करून ठेवली आहे: दात ओठाला टेकतात तिथे 'व्ह', नुसते ओठ गोल होतात तिथे 'व'. म्हणून 'व्हॅन' पण 'वॅगन', 'व्हाउचर' पण 'वॉर्ड'. हिंदीत हा भेद करत नाहीत.

'ॲ' आणि 'ऑ' हे दोन स्वर इंग्रजी शब्दांसाठीच आपण वापरतो, आणि २००९ च्या शासन निर्णयाने ते मराठी वर्णमालेत रीतसर घेतले. पण 'ॲ' टाइप करण्याचे दोन मार्ग आहेत आणि इथे एक न दिसणारा घोळ होतो. २००८ च्या युनिकोड ५.१ पासून त्याला स्वतंत्र अक्षर मिळालं. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र देत. आजही काही कीबोर्ड तसंच करतात.

```
ॲ   U+0972
अॅ  U+0905 U+0945
```

पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे वाटतात. म्हणून ग्रुपमध्ये 'ॲडव्हान्स' शोधलं आणि काहीच सापडलं नाही, असं होतं. हिशोब तिथेच असतो, फक्त दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला. अशा वेळी त्या हिशोबातला दुसरा एखादा शब्द शोधून बघा. बहुतेक सापडतो.

विरामचिन्हं: चिन्ह तेच, रीत वेगळी

मराठीने विरामचिन्हं इंग्रजीकडूनच घेतली, एकोणिसाव्या शतकात. मोल्सवर्थच्या कोशाचं काम करणारे मेजर कँडी यांचा त्यात मोठा वाटा होता. म्हणून आपण हिंदीसारखा दंड देत नाही, टिंबाचा पूर्णविराम देतो. चिन्हं सारखी असल्याने लोकांना वाटतं नियमही तेच. बरेचसे आहेतही: स्वल्पविरामाच्या आधी जागा नाही, नंतर एक; पूर्णविरामाच्या नंतर एक. मेसेजमधला 'आहे,please' आणि 'पाठवा.Weighbridge' दोन्ही भाषांत चुकीचे. शेवटचे दोन टिंब कोणत्याच भाषेचं चिन्ह नाही.

फरक पडतो तो थोड्याच ठिकाणी. इंग्रजीत यादीच्या शेवटच्या शब्दाआधी काहीजण स्वल्पविराम देतात. मराठीत 'स्लिप, नंबर आणि फोटो' असं 'आणि'च्या आधी काही न देता लिहितात. 'की'च्या बाबतीत वर्तमानपत्रांतूनही 'त्याने सांगितले की, गाडी निघाली' असं दिसतं. 'की' पुढच्या वाक्याचा आहे, म्हणून चिन्ह द्यायचंच तर त्याच्या आधी द्यावं. मेसेजमध्ये न दिलेलं बरं. 'प्लीज'ला इंग्रजीची रीत लावायला जाऊ नका. मराठीत 'पाठवा' हेच आदरार्थी आहे, त्यातली विनंती ऐकणाऱ्याला पोचते.

तारखांमध्येही इंग्रजी शेपूट आणि मराठी प्रत्यय एकावर एक चढतात: '15th ला'. 'पंधरावा' सांगायचं काम तिथे मराठीत 'तारीख' करते, म्हणून '१५ तारखेला' किंवा नुसतं '१५ला'.

आता तो मेसेज पुन्हा लिहू:

'उद्या सकाळी ६ला कटिंग आहे. लेबरला वेळेवर पाठवा. काट्याची स्लिप आणि ड्रायव्हरचा नंबर ग्रुपवर टाका.'

यात शुद्धलेखनाबाहेरच्या चार गोष्टी मी बदलल्या. 'प्लीज' काढलं, 'व'चं 'आणि' केलं. 'वेब्रिज'च्या जागी 'काटा' घेतला, कारण गावात सगळे काटाच म्हणतात. आणि 'टाकणे'चं 'टाका' केलं. 'सादर करणे', 'टाकणे' ही सरकारी पत्राची आज्ञा आहे. वर 'पाठवा' म्हणून खाली 'टाकणे' म्हटलं की वाक्याचा सूर मोडतो. कटिंग, लेबर, स्लिप मात्र तसेच ठेवले. 'कापणी' लिहिलं असतं तर केळीवाल्याला ते गव्हाचं वाटलं असतं.

चौकट उलटली तर

व्यापाऱ्याच्या ऑफिसमधून उलट दिशेचाही मेसेज येतो:

```
Please send both pattis to Kaka by 5 pm.
```

इथे क्रियापद इंग्रजीचं, क्रम इंग्रजीचा. मग विक्रीच्या हिशोबाची जी 'पट्टी', त्या आपल्या शब्दालाही इंग्रजीचं अनेकवचन लागणार, 'पट्ट्या' नाही चालणार. काका इथे नावासारखे आलेत म्हणून त्यांना मोठं अक्षर. तोच न्याय, फक्त बाजू बदलली. असं वाक्य अर्धं देवनागरीत करू नये. पूर्ण रोमनमध्येच ठेवावं.

एकाच मेसेजमध्ये एक वाक्य मराठी आणि पुढचं इंग्रजी असलं तर प्रत्येकाचा निर्णय वेगळा करायचा. 'निघणार होतो but ट्रेन लेट झाली' यात मात्र फसू नका. 'but' इंग्रजी असला तरी त्याच्या दोन्ही बाजूंची क्रियापदं मराठी आहेत, म्हणून वाक्य मराठीच. तिथे 'बट' लिहा नाहीतर 'पण', आणि आधी स्वल्पविराम द्या.

खानदेशात तिसरी चौकटही आहे. अमळनेर-पारोळ्याकडचा, धुळ्याकडचा माणूस असं लिहील:

'दादा, लोडिंगनी गाडी उनी का? स्लिप ग्रुपमा टाकी दे, मॅनेजरले सांगी दे.'

इथे 'नी', 'मा', 'ले' हे प्रत्यय अहिराणीचे, 'उनी', 'टाकी दे' ही क्रियापदंही अहिराणीची. चौकट अहिराणी आहे. कोणी शहाणा याचं 'लोडिंगची', 'ग्रुपमध्ये', 'मॅनेजरला' करून 'शुद्ध' करायला निघाला तर तो दुरुस्ती करत नाही, एका भाषेतलं वाक्य दुसऱ्या भाषेत नेतो. महामंडळाचे अठरा नियम प्रमाण मराठीसाठी आहेत. 'उनी' की 'ऊनी' याचा निवाडा त्यांत मिळणार नाही. प्रत्यय जोडून लिहायचा आणि एक रूप धरलं की तेच शेवटपर्यंत ठेवायचं, एवढी शिस्त तिथेही पुरते. भुसावळ-यावलकडची लेवा बोली पुन्हा निराळी. तिच्याही वाक्यात इंग्रजी शब्द असेच बसतात, तिच्या प्रत्ययांसह.

एका गोष्टीला मात्र यातलं काहीच लागू नाही: गाडीचा नंबर, खातं, आयएफएससी कोड, लिंक. ही कोणत्याच भाषेची वाक्यं नाहीत. ती आहेत तशी, रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवावीत, आणि इथे प्रत्यय जोडण्याचा नियम सोडून मधे जागा ठेवावी: 'MH 19 ची गाडी'. लिंकच्या शेवटी पूर्णविराम देऊ नये. काही ॲप तो टिंब लिंकमध्येच धरतात आणि पान उघडत नाही. लिंक स्वतंत्र ओळीवर टाकणं सगळ्यांत सोपं. आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं. ऐकून टाइप करणारा तिथे इंग्रजी ओ टाकतो आणि पैसे अडकतात. म्हणून कोड हाताने लिहू नये, पासबुकचा फोटो टाकावा.